बाँडमधला आकडा आणि हिशोबातला आकडा

हिंजवडी, ऐरोली, ठाणे किंवा बेंगळुरू, आयटीत काम करणाऱ्या मंडळींना एक मेल अधूनमधून येतोच. अमुक सर्टिफिकेशनसाठी तुमची निवड झाली आहे, प्रशिक्षणाचा आणि परीक्षेचा खर्च कंपनी करेल, सोबत जोडलेल्या करारावर सही करून दोन दिवसांत पाठवा. करार चार पानांचा असतो. त्यातली बहुतेक पानं चाळली जातात आणि एकच ओळ लक्षात राहते: दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दीड लाख रुपये भरावे लागतील.

या एका ओळीवरून लोक दोन टोकांना जातात. काहीजण तो आकडा मनात धरून हातात आलेली चांगली नोकरी नाकारतात. काहीजण ‘बाँड कोर्टात टिकत नाही’ हे कँटीनमध्ये ऐकलेलं वाक्य खरं मानून बिनधास्त सही करतात आणि पुढे रिलिव्हिंग लेटर अडकलं की धावपळ करतात. दोघांचाही अंदाज चुकतो. बाँड टिकतो, पण त्यात लिहिलेला आकडा जसाच्या तसा टिकेल याची खात्री नसते. या दोन गोष्टींमधलं अंतर कळलं, तर थांबायचं की जायचं हे भीतीवर न ठरता हिशोबावर ठरतं.

बाँड टिकतो हे सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2025 रोजी पुन्हा एकदा सांगितलं. प्रकरण विजया बँकेचं होतं. बँकेने 2006 साली 349 अधिकाऱ्यांच्या भरतीची जाहिरात काढली आणि त्यात अट घातली की, निवड झालेल्याने किमान तीन वर्षं काम केलं पाहिजे. आधी सोडल्यास दोन लाख रुपये भरावे लागतील. बँकेत 1999 पासून काम करणाऱ्या एका अधिकाऱ्याने वरच्या पदासाठी अर्ज केला, त्याची निवड झाली आणि सप्टेंबर 2007 मध्ये तो सीनियर मॅनेजर म्हणून रुजू झाला. जुलै 2009 मध्ये, म्हणजे दोन वर्षंही पूर्ण व्हायच्या आत, आयडीबीआय बँकेत जाण्यासाठी त्याने राजीनामा दिला. बँकेने पैसे मागितले. त्याने ऑक्टोबर 2009 मध्ये दोन लाख भरले, पण ‘निषेध नोंदवून’ भरले, आणि मग कर्नाटक उच्च न्यायालयात दाद मागितली.

उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयात मात्र न्या. पी. एस. नरसिंह आणि न्या. जॉयमाल्य बागची यांच्या खंडपीठाने तो निकाल फिरवला. तोवर पहिल्या राजीनाम्याला जवळजवळ सोळा वर्षं झाली होती आणि विजया बँक स्वतः 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन होऊन गेली होती.

न्यायालयाचा युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 27 सांगतं की, कोणाला आपला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल असतो. बाँडच्या विरोधात बोलणारे नेहमी याच कलमाचा आधार घेतात. पण नोकरी चालू असतानाचं बंधन वेगळं आणि नोकरी सुटल्यावरचं वेगळं, हा फरक आपल्याकडे 1967 पासून पक्का आहे. तो ज्या निकालाने पक्का केला, तो खटला कल्याणच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यातला. टायरसाठी लागणारा धागा बनवण्याचं परदेशी तंत्र शिकून पाच वर्षांच्या कराराच्या मध्येच एक शिफ्ट सुपरवायझर कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला होता, आणि न्यायालयाने करारातली मुदत संपेपर्यंत त्याच्यावर घातलेली मनाई कायम ठेवली होती. विजया बँकेच्या खटल्यात हेच सूत्र पुढे आलं. तीन वर्षांची अट ही नोकरीच्या काळातली आहे. पैसे भरले की माणूस जायला मोकळा आहे. म्हणून ती कलम 27 मध्ये अडकत नाही.

पण या निकालाचं ‘बाँडवर शिक्कामोर्तब’ एवढंच वर्णन करणं अपुरं आहे. न्यायालयाने दोन लाख ही रक्कम अवाजवी आहे का, हेही पाहिलं. सीनियर मॅनेजरचं पद आणि त्याचा चांगला पगार बघता ती फार नाही, असं ठरलं. शिवाय ही सरकारी बँक. तिला माणूस गेला की मागच्या दाराने दुसरा घेता येत नाही. जाहिरात, अर्ज, निवड अशी लांबलचक आणि खर्चिक प्रक्रिया पुन्हा करावी लागते. या कारणाला निकालात बरंच वजन आहे. तीन फोनवर नवा माणूस उभा करणाऱ्या खासगी कंपनीला हा युक्तिवाद तसाच्या तसा वापरता येईल, असं नाही.

आता दुसरं टोक. दिल्ली उच्च न्यायालयाने 2011 मध्ये सिक्पा इंडिया या कंपनीच्या अपिलावर निकाल दिला. कर्मचाऱ्याने तीन वर्षं राहण्याचा आणि न राहिल्यास दोन लाख देण्याचा बाँड लिहून दिला होता. दोन वर्षांनी तो निघून गेला. कंपनीने दोन लाखांचा दावा लावला. प्रशिक्षणावर प्रत्यक्ष खर्च किती झाला, हे पाहिल्यावर आकडा निघाला 67,595 रुपये. तीनपैकी दोन वर्षं त्याने काम केलंच होतं, म्हणून खालच्या न्यायालयाने एक तृतीयांश म्हणजे 22,532 रुपये मंजूर केले. कंपनी वाढवून मागायला उच्च न्यायालयात गेली आणि तिथेही तोच आकडा कायम राहिला.

दोन लाखांचे साडेबावीस हजार कसे झाले? याचं उत्तर करार कायद्याच्या कलम 74 मध्ये आहे. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यायची, असं दोघांनी आधीच लिहून ठेवलं असेल, तरी न्यायालय देतं ती ‘वाजवी भरपाई’, आणि ती लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे बाँडवरचा आकडा ही कमाल मर्यादा आहे. त्या मर्यादेच्या आत किती द्यायचे, हे कंपनीचा खरा खर्च, माणसाने काढलेला काळ आणि उरलेला काळ यांवर ठरतं. नुकसान मोजणं खरोखरच अवघड असेल आणि रक्कम आधीच प्रामाणिकपणे अंदाजलेली असेल, तर न्यायालय ती पूर्णही मान्य करतं. सर्टिफिकेशनचं मात्र तसं नाही. त्याची पावती असते. परीक्षेची फी, प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचं बिल, तारखा, सगळं कागदावर असतं.

म्हणून सर्टिफिकेशनचा बाँड वाचायला बसताना मोठ्या आकड्यापासून सुरुवात करण्यात अर्थ नाही. सुरुवात करायची ती खर्चाच्या व्याख्येपासून.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातल्या एका मध्यम कंपनीतली क्लाउड इंजिनीअर आहे. कंपनी तिला अॅमेझॉनच्या क्लाउडची प्रोफेशनल पातळीची परीक्षा द्यायला सांगते. या परीक्षेची फी 300 डॉलर आहे. त्याखालच्या असोसिएट पातळीची 150 डॉलर. रुपयात आणि करासह धरले तर प्रोफेशनलचे तीस हजारांच्या आसपास होतात. बाहेरच्या संस्थेकडून पाच दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, त्याचे समजा 42,000. एकूण 72,000 रुपये. बाँड चोवीस महिन्यांचा आणि रक्कम दीड लाख.

करारातलं वाक्य बहुधा असं असतं: कर्मचारी ‘प्रशिक्षणाचा प्रत्यक्ष खर्च किंवा रुपये 1,50,000, व्हिचेव्हर इज हायर’ भरेल. शेवटच्या तीन शब्दांनी सगळं ठरतं. खर्च 72,000 असो की 7,200, मागणी दीड लाखाचीच होणार. ‘हायर’च्या जागी ‘लोअर’ आलं, तर तोच करार वाजवी होतो. सही करण्याआधी एकच बदल मागायचा असेल तर तो हा मागावा.

‘प्रत्यक्ष खर्च’ म्हणजे काय, हेही लिहून घ्यावं लागतं. काही करारांत या शब्दांखाली प्रशिक्षणाच्या दिवसांचा पगार, कंपनीतल्याच सीनियरने शिकवलं त्याचा तासाचा दर, ‘क्लायंटचं बुडालेलं बिलिंग’ आणि ‘प्रशासकीय खर्च’ असं सगळं घुसवलेलं असतं. पगार हा केलेल्या कामाचा मोबदला आहे. प्रशिक्षणाला कंपनीनेच पाठवलं असेल तर ते दिवसही कामाचेच. बाहेर पैसे गेले असतील, त्याचं बिल असेल, तर तो खर्च. बाकीच्या बाबी करारात असतील तर त्या वगळायला सांगाव्यात, आणि वगळल्या जात नसतील तर निदान त्यांचा आकडा सहीच्या वेळीच लिहून घ्यावा. राजीनाम्यानंतर तयार होणारे आकडे नेहमी फुगलेले असतात.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. अॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट यांसारख्या कंपन्यांचे भागीदार म्हणून काम करायचं, वरच्या दर्जाचे भागीदार व्हायचं, तर कंपनीकडे ठरावीक संख्येने सर्टिफिकेट असलेली माणसं लागतात. म्हणजे ज्या दिवशी ही इंजिनीअर परीक्षा पास होते, त्या दिवसापासून तिचं नाव कंपनीच्या संख्येत मोजलं जातं आणि त्याचा उपयोग कंत्राटं मिळवताना होतो. भागीदार कंपन्यांना परीक्षेची सवलतीची किंवा मोफत व्हाउचरंही मिळतात. असं व्हाउचर वापरलं गेलं असेल, तर फीचे तीस हजार कंपनीच्या खिशातून गेलेलेच नसतात. म्हणून ‘परीक्षा व्हाउचरवर आहे की पूर्ण फी भरून?’ हा प्रश्न नम्रपणे, पण लेखी विचारावा. त्यात उद्धटपणा काही नाही. ज्या पैशांची हमी द्यायची ते किती आहेत, एवढंच तर विचारायचं आहे.

खर्चानंतर घड्याळ. चोवीस महिने कधीपासून मोजायचे? सही केल्यापासून, प्रशिक्षण संपल्यापासून, परीक्षा पास झाल्यापासून, की कंपनीने पैसे परत केल्यापासून? आपल्या उदाहरणात तिने 1 जानेवारीला सही केली, मार्चमध्ये प्रशिक्षण झालं आणि परीक्षा 1 मे रोजी पास झाली. घड्याळ जानेवारीत सुरू होतं की मे महिन्यात, यात चार महिन्यांचा फरक आहे. महिन्याला तीन हजार धरले तर बारा हजार रुपयांचा.

घड्याळ कधी संपतं, हेही तितकंच महत्त्वाचं. आयटीत नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असणं ही नित्याची गोष्ट आहे. करारात ‘राजीनामा दिल्याच्या तारखेपर्यंत’ असं असेल, तर नोटीसचे तीन महिने वाया जातात. ‘शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत’ असं असेल तर ते मोजले जातात. शिवाय काही करारांत बिनपगारी रजा, दीर्घ आजारपण, अगदी बाळंतपणाची रजासुद्धा मोजणीतून वगळलेली सापडते. बाळंतपणाची 26 आठवड्यांची रजा हा कायद्याने दिलेला हक्क आहे; ती घेतली म्हणून बाँड सहा महिने लांबवणारी ओळ दिसली, तर ती काढायला सांगावी.

दुसरं सर्टिफिकेशन आलं की घड्याळाचा प्रश्न आणखी अवघड होतो. पहिल्या बाँडचे दहा महिने उरलेले असताना दुसऱ्या परीक्षेसाठी चोवीस महिन्यांचा नवा करार येतो. जुने दहा आणि नवे चोवीस एकाच वेळी चालणार की एकामागून एक? ‘आधीच्या बंधनाव्यतिरिक्त’ किंवा ‘आधीचे बंधन संपल्यानंतर’ असे शब्द असतील, तर चौतीस महिने बांधून घेतले आहेत असं समजावं. अॅमेझॉनचं सर्टिफिकेट मुळात तीनच वर्षं वैध असतं. चौतीस महिन्यांचं बंधन त्या छत्तीस महिन्यांतलं जवळजवळ सगळं आयुष्य खाऊन टाकतं.

आता उतार. काळ जाईल तशी रक्कम कमी होते का, आणि कशी? इथे तीन प्रकार आढळतात. पहिल्यात रक्कम दर महिन्याला समान हप्त्याने उतरते. एचआरच्या भाषेत प्रो-राटा. दुसऱ्यात पायऱ्या असतात, उदाहरणार्थ पहिल्या वर्षी सोडल्यास पूर्ण, दुसऱ्या वर्षी निम्मी. तिसऱ्यात उतारच नसतो. तेविसाव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी गेलात तरी पहिल्या दिवसाइतकेच पैसे.

आपल्या इंजिनीअरला परीक्षा पास झाल्यावर पंधरा महिन्यांनी दुसरी नोकरी मिळते. ती राजीनामा देते, नोटीसचे तीन महिने काढते आणि अठरा महिने पूर्ण करून बाहेर पडते. सहा महिने उरले. प्रो-राटा करार असेल, तर 72,000 ला 24 ने भागून महिन्याचे तीन हजार, सहा महिन्यांचे 18,000. पायऱ्यांचा असेल, तर 36,000. उतार नसलेला आणि ‘व्हिचेव्हर इज हायर’वाला असेल, तर 1,50,000. व्यक्ती तीच, दिवस तोच, परीक्षा तीच. मागणी मात्र आठपटींहून अधिक वाढते. आणि पहिल्या पानावर तिन्ही करारांत एकच ओळ असू शकते: चोवीस महिने, दीड लाख.

पायऱ्यांच्या करारात एक तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. बारावा महिना पूर्ण होण्याआधी दोन दिवस निघालं तर 72,000 आणि दोन दिवसांनी निघालं तर 36,000. नव्या कंपनीकडे रुजू होण्याची तारीख आठवडाभर पुढे मागितल्याने छत्तीस हजार वाचत असतील, तर ती मागायलाच हवी. उतार नसलेल्या करारात उलट आहे. तिथे मधल्या कोणत्याही महिन्यात थांबून काही वाचत नाही. एक तर पूर्ण चोवीस महिने काढायचे, नाही तर जेव्हा चांगली संधी येईल तेव्हा निघायचं आणि रकमेवर बोलणी करायची.

नोकरी कोण संपवतं, ही ओळ सर्वांत लहान असते आणि सर्वांत जास्त दुखावते. ‘कोणत्याही कारणाने सेवा संपुष्टात आल्यास’ या शब्दांत कंपनीने केलेली कपातही येते. प्रकल्प संपला, क्लायंट गेला, पन्नास जणांना घरी पाठवलं, आणि त्यांतल्या पाच जणांच्या हिशोबातून सर्टिफिकेशनचे पैसे कापले, हे अन्यायकारक आहे आणि त्याला ‘वाजवी भरपाई’ म्हणणं कोणत्याही न्यायाधीशाला अवघड जाईल. करार मोडला तो कंपनीने. भरपाई मागायचीही कंपनीनेच, हे कसं? पण न्यायाधीशापर्यंत जायची वेळ येऊ नये म्हणून तिथे ‘कर्मचाऱ्याने स्वेच्छेने राजीनामा दिल्यास किंवा गैरवर्तनासाठी काढल्यास’ एवढेच शब्द असावेत. परीक्षेत नापास झाल्यास काय, हेही त्याच ठिकाणी पाहावं. काही कंपन्या पास झाल्यावरच फी परत देतात, आणि तरी नापास झालेल्यावरही बाँड लागू ठेवतात.

करारासोबत घेतल्या जाणाऱ्या तीन गोष्टींकडे स्वतंत्रपणे बघायला हवं. पहिली, जामीनदाराची सही. लातूर, अकोला, कोल्हापूरहून आलेल्या मुलांच्या बाँडवर अनेकदा वडिलांची सही घेतली जाते, ‘फॉर्मॅलिटी’ म्हणून. करार कायद्याच्या कलम 128 नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. कंपनी मुलाला सोडून थेट वडिलांना नोटीस पाठवू शकते, आणि निवृत्त शिक्षकाच्या घरी वकिलाची नोटीस आली की मुलगा लगेच पैसे भरतो, हे नोटीस पाठवणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. दुसरी, तारीख न टाकलेला चेक. तो वटला नाही तर फौजदारी तक्रारीची धमकी येते. ती तक्रार टिकण्यासाठी चेकमागे कायदेशीर देणं असावं लागतं, पण तेवढं सिद्ध करायलाही तारखांना फेऱ्या माराव्या लागतात. चेक देऊच नये. तिसरी, मूळ गुणपत्रिका आणि पदवी. हे कागद कोणाच्याही ताब्यात तारण म्हणून देऊ नयेत. पाहून परत द्यावेत, एवढंच कंपनीला मागता येतं.

बाँड साध्या कागदावर किंवा ई-मेलवर आहे, स्टॅम्प पेपरवर नाही, म्हणून तो रद्द आहे असा एक लोकप्रिय समज आहे. तो खरा नाही. मुद्रांक शुल्क कमी भरलं असेल, तर ते दंडासह नंतर भरून करार पुराव्यात आणता येतो. त्या भरवशावर सही करू नये.

सही होऊन गेली आहे आणि आता निघायचं आहे, अशा माणसासाठी चित्र थोडं वेगळं असतं. कायदा त्याला नोकरीत डांबून ठेवू शकत नाही. व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालय जबरदस्तीने पाळायला लावत नाही. कंपनीला मागता येतात ते पैसेच, आणि दावा लावायला तिला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. पण दहा-वीस हजारांसाठी दावे फारसे लागत नाहीत. दबाव वेगळ्याच ठिकाणी येतो. नवी कंपनी रुजू होण्याच्या दिवशी रिलिव्हिंग लेटर मागते, जुनी कंपनी ‘बाँड क्लिअर करा, मग लेटर’ म्हणते, आणि मध्ये आठवडा उरलेला असतो. कायद्याने 18,000 देणं लागत असलेला माणूस दीड लाख भरतो, तो या आठवड्यामुळे.

म्हणून हा हिशोब राजीनाम्याआधी व्हावा. करारातला खर्च, घड्याळ आणि उतार पाहून आपला आकडा काढायचा, आणि राजीनाम्यासोबतच एचआरला लिहायचं: करारानुसार प्रत्यक्ष खर्चाची बिलं द्यावीत, उरलेल्या सहा महिन्यांची प्रमाणशीर रक्कम इतकी होते, ती अंतिम हिशोबात वळती करून घ्यायला माझी हरकत नाही. नोटीसचे नव्वद दिवस हातात असतात तेव्हा ही बोलणी शांतपणे होतात. बिलं मागितल्यावर अनेक ठिकाणी मागणी खाली येते, कारण बिलं दीड लाखाची नसतात. तरीही कंपनी अडून बसली आणि लेटर लागणारच असेल, तर पैसे भरताना ‘निषेध नोंदवून, माझे हक्क राखून भरत आहे’ असं मेलवर लिहावं. विजया बँकेच्या अधिकाऱ्याने तेच केलं होतं. तो शेवटी हरला, पण निषेध नोंदवून भरल्यामुळेच त्याला सोळा वर्षं लढता आलं.

अंतिम हिशोबाच्या कागदावर काही ओळी बारकाईने बघायच्या असतात. भविष्य निर्वाह निधीला बाँडसाठी हात लावता येत नाही. कायद्याने ती रक्कम कर्जवसुली आणि जप्तीपासून संरक्षित आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्याचंही वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करायचं असतं, आणि वेतनातून कोणत्या कारणांसाठी कपात करता येते याची यादी संहितेतच दिलेली आहे. आणि एक ओळ सपशेल चुकीची असूनही अजून दिसते: बाँडची रक्कम ‘अधिक 18 टक्के जीएसटी’. दीड लाखावर हे 27,000 रुपये होतात. नोकरी मुदतीआधी सोडल्याबद्दल घेतलेल्या बाँडच्या रकमेवर किंवा नोटीस पेवर जीएसटी लागत नाही, असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने 3 ऑगस्ट 2022 च्या 178 क्रमांकाच्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. परिपत्रकाचा क्रमांक मेलमध्ये लिहिला, तर ही ओळ निघून जायला हरकत नसावी.

नवी कंपनी ‘बाँडचे पैसे आम्ही भरतो’ म्हणाली, तर आनंद व्हावा, पण दोन प्रश्न विचारून. जे देणं कर्मचाऱ्याचं आहे ते मालकाने भरलं, की प्राप्तिकर कायदा ती रक्कम कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात धरतो. म्हणजे दीड लाख भरले गेले तर त्यावरचा कर पगारातून कापला जाईल. तीस टक्क्यांच्या पातळीवर तो सेससह जवळपास 47 हजार होतो. तो कोण सोसणार? आणि दुसरं, ही बायआउटची रक्कम बहुधा स्वतःच एक छोटा बाँड घेऊन येते: वर्षाच्या आत सोडलंत, तर परत करा. जुन्या कराराला लावलेले प्रश्न, म्हणजे घड्याळ कधीपासून, उतार आहे का, कंपनीने काढलं तर काय, ते सगळे या नव्या कागदालाही विचारायचे असतात.

हिशोब मिटला की तीन गोष्टी हातात घेऊनच निघावं. बाँडखाली कोणतंही देणं उरलेलं नाही असं लिहिलेलं नो ड्यूज पत्र, ज्यात कराराची तारीख आणि सर्टिफिकेशनचं नाव असेल. दिला असेल तर चेक आणि जामीनदाराने सही केलेला मूळ कागद. आणि भरलेल्या रकमेची अशी पावती, जिच्यावर ती कशापोटी घेतली हे स्पष्ट लिहिलेलं आहे. दोन वर्षांनी एचआरमधली माणसं बदललेली असतात आणि जुनी मागणी पुन्हा मेलवर येते, तेव्हा हीच तीन पानं पुढे करावी लागतात.